पेट्रोल जिथे पोचतच नाही, तिथला कार्बन

भाऊ, माझी एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी आहे. तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन, ६२,००० किमी झाले. रोज मनीष नगर ते सीताबर्डी जाणं-येणं. दोन महिन्यांपासून सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी मिनिट-दीड मिनिट थरथरते, मिसिंग मारते, मग एकदम नॉर्मल. एकदा चेक इंजिनचा दिवा लागला होता, P0302 कोड आला. स्वतःच्या स्कॅनरवर LTFT पाहिलं, आयडलला +३ आणि अडीच हजार आरपीएमला +४. गॅरेजवाला म्हणतो कार्बन झाला आहे, मशीनने डिकार्बोनायझिंग करा, साडेपाच हजार, आणि दर दोन टाक्यांमागे ॲडिटिव्हची बाटली टाका. करू का? की नुसत्या बाटलीनेच जाईल?

दोन्ही करू नका, निदान आत्ता तरी. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून इंजेक्टर तुंबल्याचं दिसत नाही. बाटली काम करते ती प्रामुख्याने इंजेक्टरवर. गॅरेजवाल्याचा संशय खरा ठरला, तर कार्बन सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर आहे, आणि तिथे तुमच्या इंजिनात पेट्रोलचा थेंबही पोचत नाही. मग पेट्रोलमध्ये मिसळलेलं औषध तिथे कसं पोचणार?

सगळा घोळ इथूनच सुरू होतो, म्हणून हे आधी नीट पाहू. साध्या एमपीएफआय इंजिनात इंजेक्टर सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये, व्हॉल्व्हच्या अलीकडे बसवलेला असतो. तीन-चार बारच्या दाबाने तो पेट्रोल थेट गरम इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर मारतो. दर दोन फेऱ्यांमागे एकदा ती पाठ धुतली जाते. पेट्रोलमध्ये चांगलं डिटर्जंट असेल, तर ते तिथे साचलेला चिकट थर हळूहळू सोडवतं. अशा गाड्यांत ‘चांगलं पेट्रोल व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवतं’ हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. अमेरिकेतल्या एएए या मोटार संघटनेने २०१६ मध्ये याची चाचणी करवून घेतली होती. इंजिन चाचणी-बाकावर १०० तास, म्हणजे सुमारे ४,००० मैलांइतकं चालवलं. नुसतं कायद्याने मागितलेलं किमान डिटर्जंट असलेल्या पेट्रोलने साचलेला कार्बन, जास्त डिटर्जंटच्या ‘टॉप टियर’ दर्जाच्या पेट्रोलच्या तुलनेत सरासरी १९ पट भरला. बाटल्यांच्या जाहिरातीत व्हॉल्व्हचे जे आधी-नंतरचे फोटो असतात, ते खोटेच असतात असं नाही. पण ते बहुतेक अशाच, व्हॉल्व्हवर पेट्रोल मारणाऱ्या इंजिनांचे असतात.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये बसतो आणि दोनशे ते साडेतीनशे बारच्या दाबाने आत फवारा सोडतो. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरून फक्त हवा जाते. मात्र ती निव्वळ हवा नसते. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली ऑइलच्या भागात निसटतो, त्याच्यासोबत ऑइलची वाफ आणि बारीक थेंब असतात. प्रदूषणाच्या नियमांमुळे हा सगळा धूर पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे परत इनटेकमध्ये सोडावा लागतो. शिवाय व्हॉल्व्ह उघडताना सिलिंडरमधला जळका वायूही किंचित मागे येतो. ऑइलचा थर आणि काजळी गरम धातूवर बसते, भाजते, त्यावर पुढचा थर बसतो. धुणारं कोणी नाही. हळूहळू व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती आणि वाटीच्या पाठीवर डांबरासारखं कवच तयार होतं.

म्हणून गाडी कोणत्या जातीची आहे, हे आधी पाहावं. ह्युंदाई-कियाचं एक लिटर टर्बो जीडीआय, फोक्सवॅगन-स्कोडाचं एक लिटर टीएसआय, महिंद्राची टीजीडीआय इंजिनं, मारुतीचं बूस्टरजेट ही डायरेक्ट इंजेक्शनची. उलट नेक्सॉनचं १.२ लिटर टर्बो रेव्होट्रॉन किंवा मारुतीचं ड्युअलजेट ही व्हॉल्व्हमागे पेट्रोल मारणारी. टर्बो आहे म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन असणारच, असं समजू नका. टोयोटाच्या डी-फोर-एस पद्धतीत एकाच इंजिनाला दोन्ही प्रकारचे इंजेक्टर असतात. त्याची कारणं अनेक आहेत, पण मॅनिफोल्डमधला इंजेक्टर अधूनमधून व्हॉल्व्ह धूत राहतो, हा त्यातला मोठा फायदा.

आता तुमचे आकडे. LTFT म्हणजे ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, पेट्रोलच्या मात्रेत दीर्घकाळ शिकलेली दुरुस्ती, टक्क्यांत. ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ दिसलं, तर ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि आकडा अधिकमध्ये जातो. साधारण पाच टक्क्यांच्या आत असेल तर सोडून द्यावं. दहाच्या वर सातत्याने राहिला, तर शोध घ्यावा. इंजेक्टर तुंबले असते, तर पेट्रोल कमी पडलं असतं आणि हा आकडा वर गेला असता, तोही भार वाढेल तसा जास्त. तुमच्याकडे आयडलला +३ आणि अडीच हजारला +४, म्हणजे पेट्रोल मागितलं तेवढं मिळतं आहे. इनटेकमध्ये कुठे हवा गळत असती, तर आयडलला आकडा जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी झाला असता. तेही नाही. (ज्या इंजिनात हवा मोजायला एअरफ्लो मीटर नसतो, नुसता मॅनिफोल्डचा दाब मोजतात, तिथे हवेची गळती या आकड्यात तितकी उठून दिसत नाही. तिथे आयडल चढलेलं दिसतं. तुमचं आयडल गरम झाल्यावर स्थिर आहे, म्हणून ती शंकाही कमी.)

पण एक मर्यादा लक्षात ठेवा. हा आकडा तिन्ही सिलिंडरचा मिळून असतो. एकाच सिलिंडरचा इंजेक्टर थोडा कमी देत असेल, तर तो सरासरीत लपू शकतो. P0302 म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. त्यामुळे आता शोध फक्त दोन नंबरचा. ‘कार्बन झाला आहे’ हे निदान सगळ्यात शेवटी करायचं, आधी नाही, कारण थंड इंजिनाच्या मिसफायरला त्याहून स्वस्त कारणं बरीच आहेत.

पहिलं काम कॉइल आणि प्लगचं. दोन नंबरची इग्निशन कॉइल एक नंबरवर लावा, एक नंबरची दोनवर. कोड पुसा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी स्टार्ट करून स्कॅनरवर सिलिंडरनिहाय मिसफायरचा आकडा पाहा. बऱ्याच स्कॅनर ॲपमध्ये तो Mode 06 या नावाखाली सापडतो. मिसफायर एक नंबरवर सरकला, तर कॉइल गेली आहे, विषय संपला. नाही सरकला, तर हेच प्लगबाबत करा. एका वेळी एकच वस्तू बदला, दोन्ही एकदम बदलल्या तर काहीच कळत नाही. प्लग काढल्यावर चिनीमातीच्या भागावर बारीक काळी रेघ दिसते का ते पाहा, आणि फटीचं माप मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. टर्बो इंजिनात दाब जास्त असतो. तिथे झिजून वाढलेली फट आधी भारावर त्रास देते, पण थंड इंजिनातही दगा देऊ शकते.

कॉइल-प्लग फिरवूनही मिसफायर दोन नंबरवरच बसून राहिला, तर कॉम्प्रेशन मोजा. तिन्ही सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. दोन नंबर कमी निघाला, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा रिंग झिजली आहे. ते निराळं दुखणं. दुसरी शक्यता गळक्या इंजेक्टरची. बंद गाडीत इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधला दाब टिकायला हवा. रात्रभर थेंब-थेंब पेट्रोल सिलिंडरमध्ये झिरपलं, तर सकाळी पहिल्या क्षणी मिश्रणात पेट्रोल फारच जास्त होतं, पेट्रोलचा वास येतो, सायलेन्सरमधून काळसर धूर निघतो, आणि ऑइलच्या डिपस्टिकलाही पेट्रोलचा वास येतो. असा इंजेक्टर बऱ्याचदा दुपारी गरम स्टार्टलाही त्रास देतो, गाडी वीस मिनिटं थांबवून पुन्हा चालू करताना जास्त वेळ सेल्फ मारावा लागतो. तुम्ही लिहिल्याप्रमाणे त्रास फक्त सकाळी आहे आणि धुराचा उल्लेख नाही, म्हणून ही शक्यता मागे ठेवा, पण एकदा वास घेऊन पाहा.

एवढं झाल्यावर व्हॉल्व्हची पाठ. ही अंदाजाने ठरवायची गोष्ट नाही, डोळ्यांनी पाहायची आहे. त्यासाठी बोअरस्कोप लागतो, म्हणजे लवचिक नळीच्या टोकाला छोटा कॅमेरा. इथे गॅरेजमध्ये एक चूक सर्रास होते. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालतात, पिस्टनचा काळा माथा दाखवतात आणि ‘बघा किती कार्बन’ म्हणतात. पिस्टनचा माथा चालत्या इंजिनात काळा असणारच. साठ हजार किलोमीटरनंतर तिथे पातळ कोरडा थर नसेल, तरच नवल. त्या भोकातून व्हॉल्व्हचा पुढचा चेहरा दिसतो, पाठ नाही. पाठ पाहायची तर मॅनिफोल्डच्या बाजूने यावं लागतं. थ्रॉटल बॉडी काढून कॅमेरा आत सरकवता आला तर उत्तम, नाहीतर मॅनिफोल्ड उतरवावा लागतो. प्लगच्या भोकातून टोक वळणारा कॅमेरा घालून, उघड्या व्हॉल्व्हच्या फटीतून वर पाहता येतं, पण त्याला सवयीचा हात लागतो.

काय दिसलं तर काय समजायचं? नुसता काळा, पातळ, ओलसर थर असेल, दांडा आणि वाटी यांचा आकार स्पष्ट दिसत असेल, तर तो दोषी नाही. झाकण लावा आणि दुसरीकडे शोधा. पण दांड्याभोवती खडबडीत गोळे असतील, काही मिलिमीटर जाडीचं कवच असेल, वाटीची गोलाई ओळखू येत नसेल आणि दोन नंबर बाकी दोघांपेक्षा स्पष्टपणे जास्त भरलेला असेल, तर सकाळच्या थरथरीचं कारण सापडलं. थंड स्टार्टला ईसीयू धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो. त्या काळात ज्वलन आधीच काठावर असतं. व्हॉल्व्हवरच्या गोळ्यांनी हवेचा प्रवाह आणि तिचं घुसळणं बिघडवलं, की ते काठावरून खाली पडतं. मिनिटभराने ईसीयू नेहमीच्या वेळेवर ठिणगी पाडू लागतो आणि थरथर थांबते. तुमची लक्षणं याच्याशी जुळतात. फक्त जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे.

समजा कवच सापडलं. मग काढायचं कसं? आज गॅरेजमध्ये करता येणारी सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारणं, ज्याला वॉलनट ब्लास्टिंग म्हणतात. टरफल भाजलेला कार्बन फोडण्याइतकं कडक, पण ॲल्युमिनियमच्या हेडला आणि व्हॉल्व्हच्या धातूला ओरखडा न पाडण्याइतकं मऊ असतं. वाळू किंवा काचेचे मणी इथे कधीही वापरू देऊ नका. एक कण सिलिंडरमध्ये राहिला, तर भिंतीवर कायमची रेघ ओढतो. टरफलाचा चुकून राहिलेला कण जळून जातो.

काम असं चालतं. बॅटरी काढून, पेट्रोलचा दाब सोडून मॅनिफोल्ड उतरवायचा. ज्या सिलिंडरवर काम करायचं, त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवेत. क्रँक पुलीचा नट पान्याने नेहमीच्या दिशेने फिरवत तो सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर झाला, की पुढच्यासाठी क्रँक २४० अंश फिरवावा लागतो, तोही फायरिंग ऑर्डरप्रमाणे. बंद आहे की नाही, हे नुसतं अंदाजाने न धरता कॅमेऱ्याने किंवा प्लगच्या भोकातून हलकी हवा देऊन खात्री करायची. बाकीच्या सिलिंडरांची हवेची तोंडं कापडाने आणि टेपने बंद. मग तोंडावर ॲडाप्टर लावून त्याला व्हॅक्यूमची नळी जोडायची आणि सुमारे ८० ते १०० पीएसआय दाबाने थोड्या थोड्या वेळाचे फटके मारायचे. मध्ये थांबून कॅमेऱ्याने पाहायचं. शेवटी हवेने झाडून, व्हॅक्यूमने ओढून, तोंड कोरडं स्वच्छ झाल्याशिवाय पुढच्या सिलिंडरकडे जायचं नाही.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिला, तर मूठभर भुगा थेट सिलिंडरमध्ये जातो. तसं झालं तर इंजिन फिरवायच्या आधी प्लगच्या भोकातून व्हॅक्यूमने तो पूर्ण काढावा लागतो. दुसरं, काही जण आधी केमिकल मारून कार्बन भिजवतात आणि तसाच ओला ठेवून ब्लास्टिंग करतात. भुगा चिकटून चिखल होतो. भिजवायचं असेल तर पूर्ण पुसून, वाळवूनच पुढे जावं. तिसरं आपल्याकडच्या पावसाळ्याचं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते नळीतून आलं की भुग्याचे गठ्ठे होऊन बंदूक तुंबते. कामाच्या आधी टाकीतलं पाणी सोडणं आणि नळीला पाण्याचा सापळा लावणं, एवढ्यात ते सुटतं. मॅनिफोल्डचे गॅस्केट नवीन घालायचे, थ्रॉटल बॉडी त्याच वेळी साफ करून स्कॅनरने तिची पुन्हा ओळख करून द्यायची. तीन सिलिंडरला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागतो. दीड तासात गाडी परत देतो म्हणणाऱ्याने मॅनिफोल्ड उतरवलाच नाही, असं समजा. आधी आणि नंतरचे तिन्ही तोंडांचे फोटो मागा, गॅस्केटची बिलात नोंद मागा.

आता साडेपाच हजारांच्या मशीनबद्दल. नाव ‘डिकार्बोनायझिंग’ एकच असलं, तरी या नावाखाली वेगवेगळी कामं विकली जातात. एक मशीन पाण्यापासून हायड्रोजन-ऑक्सिजनचा वायू बनवून चालत्या इंजिनाच्या इनटेकमध्ये सोडतं. तो वायू जळतो सिलिंडरच्या आत. व्हॉल्व्हच्या पाठीकडे ज्योत जातच नाही, म्हणून तिथल्या कवचाला त्याचा स्पर्शही होत नाही. तुम्हाला दाखवतात ते सायलेन्सरमधून निघालेलं काळं पाणी. थंड गाडी बराच वेळ आयडलला चालवली, की ज्वलनातली वाफ सायलेन्सरमध्ये थंड होऊन पाणी होते आणि तिथली काजळी धुऊन बाहेर आणते. मशीन न लावताही ते येतं. आधी-नंतरचं प्रदूषण मोजून दाखवत असतील, तर पहिली नोंद घेताना इंजिन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पूर्ण गरम होते का, हे विचारा. थंड कन्व्हर्टरची पहिली नोंद आणि पाऊण तास चाललेल्या गरम कन्व्हर्टरची दुसरी नोंद यांत फरक पडणारच.

दुसरा प्रकार म्हणजे चालत्या इंजिनात थ्रॉटलजवळ सॉल्व्हंटचा फवारा देणं. हा निदान योग्य जागी पोचतो. थर पातळ आणि मऊ असताना, थोडा फरक पडतो. पण भाजून घट्ट झालेल्या कवचावर तो वरवरचा थरच ओला करतो. आणि जाड थर असताना मोठे तुकडे सुटले, तर ते सिलिंडरमधून थेट टर्बोच्या पात्यांवर आणि पुढे कन्व्हर्टरमध्ये जातात. म्हणून साठ हजारांच्या टर्बो गाडीवर, व्हॉल्व्ह पाहिल्याशिवाय हे करू नका. तिसरा प्रकार इंजेक्टर काढून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये साफ करणं. हे प्रामाणिक काम आहे, पण त्याची खरी किंमत साफ करण्यात नाही, मोजण्यात आहे. आधी आणि नंतर प्रत्येक इंजेक्टरचं प्रमाण, फवाऱ्याचा आकार आणि गळती बाकावर तपासून दिली पाहिजे. डायरेक्ट इंजेक्शनचे इंजेक्टर काढले, तर टोकाची टेफ्लॉनची सील नवी बसवावीच लागते, आणि ती खास साधनाने दाबून मापात आणावी लागते. जुनी सील परत घातली, तर ज्वलनाचा वायू सीलशेजारून निसटतो आणि नव्याने त्रास सुरू होतो. तुमच्या आकड्यांवरून या कामाची आत्ता गरज दिसत नाही.

आता बाटली. तिला मी नाकारत नाही, तिला तिची जागा दाखवतो. इंजेक्टरवर कार्बन कसा बसतो ते पाहा. गाडी बंद केली, की पेट्रोलचा थंड प्रवाह थांबतो, पण इंजिनाच्या हेडची उष्णता काही मिनिटं वर चढत राहते. इंजेक्टरच्या टोकावर उरलेली पेट्रोलची पातळ फिल्म त्या उष्णतेत उडते, आणि तिच्यातले न उडणारे घटक डिंकासारखे चिकटतात. टोकावरची भोकं केसाच्या जाडीच्या आसपासची असतात, म्हणून इतका पातळ थरही फवारा वाकडा करतो. अंतर नाही, तर गाडी किती वेळा गरम करून बंद केली, हे इथे मोजायचं. नागपुरात नवतपात पंचेचाळीस अंशांत डांबरावर उभी गाडी, दिवसातून चार-सहा छोट्या फेऱ्या, म्हणजे तोच प्रयोग रोज चार-सहा वेळा. तुमचं मनीष नगर-सीताबर्डी अंतर आठेक किलोमीटरचं, हे त्याच वर्गात येतं.

या थरावर काम करणारं रसायन म्हणजे पॉलीईथरअमाइन, लेबलवर पीईए असं येतं. ते इंजेक्टरच्या टोकावर आणि ज्वलनकक्षात टिकण्याइतकं उष्णता सोसतं आणि चिकट थर सोडवतं. त्याच्याआधीचं पॉलीआयसोब्युटिलीन अमाइन हे एमपीएफआयचे व्हॉल्व्ह चांगले राखतं, पण ज्वलनकक्षात स्वतःचाच थर वाढवू शकतं. बाटली घेण्याआधी तिचं सेफ्टी डेटा शीट उत्पादकाच्या संकेतस्थळावर शोधा. घटकांत पीईए किंवा त्याचं प्रमाण काहीच नसेल आणि पहिलंच नाव केरोसीनसदृश पेट्रोलियम डिस्टिलेटचं असेल, तर तुम्ही महाग रॉकेल घेता आहात. ‘ऑक्टेन बूस्टर’ आणि ‘क्लीनर’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हेही इथेच सांगून टाकतो. ऑक्टेन म्हणजे ठोका न मारता किती दाब सोसता येतो त्याचं माप, साफसफाईशी त्याचा संबंध नाही. पंपावरच्या महाग पेट्रोलने फायदा झाला, तर तो त्यातल्या डिटर्जंटमुळे, आकड्यामुळे नव्हे. ई-ट्वेंटी पेट्रोलमध्येही इथेनॉल असणं म्हणजे डिटर्जंट असणं नाही. उलट जुन्या टाकीतला डिंक इथेनॉल सोडवून फिल्टरकडे पाठवू शकतं.

मात्रा बाटलीवर लिहिलेली असते, साधारण तीनशे-साडेतीनशे मिलीची एक बाटली एका भरलेल्या टाकीला. टाकी जवळपास रिकामी असताना आधी बाटली ओतायची, मग वर पेट्रोल, म्हणजे मिसळण नीट होतं. ती टाकी तळापर्यंत वापरायची आणि शक्य तर त्यातली निम्मी हायवेवर. दुप्पट टाकल्याने दुप्पट साफ होत नाही. पीईएचा जो भाग जळत नाही तो रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतो, म्हणून हे नेहमी ऑइल बदलण्याच्या आधीच्या टाकीत करावं, बदलल्यानंतर लगेच नको. तुमच्यासारख्या शहरी गाडीला वर्षातून दोनदा पुरेसं. दर दोन टाक्यांमागे टाकणं म्हणजे पैसे आणि ऑइल दोन्हीची नासाडी.

व्हॉल्व्हच्या पाठीला या बाटलीने काहीच फरक पडणार नाही. तिथे काय फरक पाडतं? ऑइलची वाफ कमी करणं, एवढंच. मॅन्युअलमध्ये सांगितलेला ग्रेड आणि दर्जा वापरा, टर्बो डायरेक्ट इंजेक्शनला एपीआय एसपी किंवा उत्पादकाचा त्याच्यावरचा दर्जा. ऑइलचा नोॲक आकडा पाहायची सवय लावा. तापवल्यावर किती टक्के ऑइल उडून जातं, ते त्यात दिसतं. एपीआयच्या आजच्या हलक्या ग्रेडमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंत चालतं. ग्रेड तोच ठेवून दहाच्या आसपासचं मिळालं, तर वाफ तेवढी कमी. मधला ऑइल बदल लांबवू नका. रोजच्या छोट्या फेऱ्यांत न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं आणि त्याची उडण्याची वृत्ती वाढवतं. अशा वापराला मॅन्युअलमध्ये ‘कठीण परिस्थिती’चं कमी अंतर दिलेलं असतं, तेच तुमचं अंतर. ऑइल भरताना मॅक्सच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका. जास्तीचं ऑइल क्रँकने फेसाळतं आणि पीसीव्हीमार्गे सरळ इनटेकमध्ये येतं.

पीसीव्हीची एक सोपी तपासणी घरी करता येते. गरम इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. हलकी ओढ जाणवणं ठीक. झाकण जोरात आत खेचलं जात असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पीसीव्हीचा पडदा फाटला आहे आणि इनटेक ऑइल ओढतो आहे. उलट झाकण उडू पाहत असेल, तर दाब साचतो आहे. टर्बोच्या रबरी नळीत ऑइलची पातळ फिल्म सामान्य आहे, चमचाभर साचलेलं ऑइल सामान्य नाही. हे दुरुस्त न करता व्हॉल्व्ह साफ केले, तर तेच कवच पुन्हा लवकर तयार होतं. म्हणून ब्लास्टिंग करायचं ठरलं, तर त्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.

गाडी दामटली की कार्बन जळून जातो, असंही सगळे म्हणतात. समृद्धीवर शिवमडक्याहून १२० ने तासभर चालवलं, तर इंजेक्टरच्या टोकाचा कोवळा थर आणि ज्वलनकक्षातली सैल काजळी निघते, ऑइलमधलं पेट्रोल आणि पाणी उडून जातं. हे खरे फायदे आहेत, आणि आठवड्यातून एकदा बुटीबोरीपर्यंत जाऊन आलात तरी मिळतील. पण इनटेक व्हॉल्व्ह इतका गरम होतच नाही, की त्याच्या पाठीवरचं भाजलेलं ऑइल जळून जावं. बाहेरून येणारी थंड हवा त्याला सतत निववते.

तुमच्यापुरतं क्रम असा लावा. या आठवड्यात कॉइल, मग प्लग फिरवून पाहा, दोन्ही गोष्टी फुकट आहेत. ऑइल भरायचं झाकण उघडून पीसीव्ही तपासा. मिसफायर दोन नंबरवरच टिकला, तर कॉम्प्रेशन आणि मॅनिफोल्डच्या बाजूने बोअरस्कोप. कवच दिसलं, तरच टरफलांचं काम, आणि ते झालं, की ऑइल बदला. ब्लास्टिंगनंतरही सकाळी दोन नंबर मिसफायर देतच राहिला, तर दोन नंबरचा इंजेक्टर एक नंबरशी अदलाबदल करून पाहण्याची वेळ आली. ते काम सगळ्यात शेवटी ठेवायचं, कारण प्रत्येक वेळी इंजेक्टर काढला की नवी सील लागते.